इंग्रजी मेलचं मराठी करताना मान आणि मुद्दा दोन्ही राखू या

गटाचा माल शहरात जायला लागला की गावात इंग्रजी ईमेल यायला लागतात. दुकानदाराचा मेल, बँकेचा मेल, प्रदर्शन भरवणाऱ्यांचा मेल. आता मोबाईलवर एआयची मॉडेलं आली आहेत, म्हणजे आपण लिहून सांगू तसा मजकूर तयार करून देणारे प्रोग्रॅम. मेल त्यात टाकून 'मराठीत कर' म्हटलं की लगेच मराठी मिळतं. पण ते मराठी गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्याजोगं असेलच असं नाही. कधी साठी ओलांडलेल्या अध्यक्षाबाईंना 'तू' म्हटलेलं असतं. कधी मराठी इतकं सरकारी असतं की नोटीस आल्यासारखं वाटतं. आणि कधी बोलणं इतकं गोड झालेलं असतं की आतली अट कुणाच्या लक्षातच येत नाही. मॉडेलला जी सूचना लिहून द्यायची तिला प्रॉम्प्ट म्हणतात. तो कसा लिहायचा, हे आज आम्ही एकाच मेलवरून सांगणार आहोत.

असं समजा, की एका ग्रामसंघातल्या पाच गटांनी मिळून गोडा मसाल्याचा नमुना शहरातल्या एका दुकानाला पाठवला. दुकानाला तो आवडला आणि ग्रामसंघाच्या मेलवर इंग्रजीत उत्तर आलं. ते असं : नमुना पसंत आहे. 200 ग्रॅमची 300 पाकिटं हवीत, म्हणजे एकूण 60 किलो. माल 12 ऑक्टोबरपर्यंत आमच्या गोदामात पोचावा. प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक, बॅच नंबर आणि तयार केल्याची तारीख हवी. आमच्या क्वालिटी मॅनेजर 3 ऑक्टोबरला येतील, त्यांना सहकार्य करा. बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत आम्ही पैसे देऊ. वाहतुकीचा खर्च आम्हाला देता येणार नाही, याचा खेद आहे. गुरुवारपर्यंत होकार कळवलात तर बरं होईल, नाहीतर आम्हाला दुसरे पुरवठादार बघावे लागू शकतात.

हा मेल मराठीत करून सचिवताईंना पाच गटांच्या अध्यक्षांना पाठवायचा आहे आणि बैठकीत वाचायचा आहे. त्यावरून बायका ठरवणार, की ऑर्डर घ्यायची की नाही.

इथे अडचण मॉडेलला इंग्रजी येत नाही ही नसते. अडचण अशी, की मराठीला जे सांगावंच लागतं ते इंग्रजीत लिहिलेलंच नसतं. इंग्रजीत 'यू' हा एकच शब्द. नातवालाही 'यू' आणि कलेक्टरलाही 'यू'. मराठीत मात्र तू, तुम्ही की आपण, हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, कारण क्रियापदही त्याप्रमाणे बदलतं. इंग्रजीत 'आय सेंड' म्हणणारा बाप्या की बाई ते कळत नाही. मराठीत 'पाठवतो' की 'पाठवते' हे म्हणावंच लागतं. खाली सही 'किरण' अशी असेल, तर हे नाव बाईचंही असतं आणि पुरुषाचंही. आपण काही सांगितलं नाही, तर मॉडेल अंदाज करतं. अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो, आणि एकाच पत्रात वर 'आपण' आणि खाली 'तुझं' असंही होऊ शकतं. म्हणून प्रॉम्प्टचं पहिलं काम म्हणजे मेलमध्ये नसलेली ही माहिती भरून देणं.

सगळ्यात आधी सांगायचं ते 'आम्ही' कोण. आपल्या मेलमध्ये 'वी' म्हणजे दुकान. मॉडेलने सरळ भाषांतर केलं तर वाक्य होईल, 'आम्ही 30 दिवसांत पैसे देऊ.' भाषांतर म्हणून यात काही चूक नाही. पण हे वाक्य बैठकीत सचिवताई वाचणार आहेत. त्यांच्या तोंडून 'आम्ही पैसे देऊ' ऐकलं, की ऐकणारीला वाटणार ग्रामसंघच पैसे देणार आहे. महिन्याभराने त्याच बायका ग्रामसंघाकडे पैसे मागायला येतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. म्हणून मेल दुसऱ्याला पुढे पाठवायचा असेल, तर मॉडेलला सांगायचं, की लिहिणाऱ्याचा 'आम्ही' बदलून तिथे 'दुकान' लिहा. 'दुकान 30 दिवसांत पैसे देईल,' असं झालं की कुणाचाच गोंधळ होत नाही. लिहिणारे किरण हे बाई की पुरुष, हाही प्रश्न त्याबरोबरच सुटतो. मेल जसाच्या तसा त्यांच्याच तोंडी ठेवायचा असेल आणि आपल्याला माहीत नसेल, तर 'कळवत आहे', 'पाठवत आहे' अशी रूपं वापरायला सांगा. ती दोघांनाही चालतात.

मग 'तुम्ही' की 'आपण'? 'आपण' जास्त मानाचं वाटतं, म्हणून पुष्कळ जणी 'आपण वापरा' असं सांगतात. निमंत्रणपत्रिकेत ते शोभतंही. पण व्यवहाराच्या पत्रात या शब्दाचा एक धोका आहे. मराठीत 'आपण' म्हणजे मानाचं 'तुम्ही', आणि 'आपण' म्हणजे 'तुम्ही आणि आम्ही मिळून' सुद्धा. ही दोन वाक्यं ऐका. 'वाहतुकीचा खर्च आपण करावा.' 'वाहतुकीचा खर्च आपण करू.' पहिल्यात खर्च समोरच्याचा, दुसऱ्यात दोघांचा मिळून. फरक फक्त शेवटच्या क्रियापदाच्या रूपाचा आणि प्रश्न भाड्याच्या पैशांचा. म्हणून जिथे पैसा, माल आणि मुदत आहे, तिथे आम्ही 'तुम्ही' किंवा सरळ 'गटांनी' असं लिहायला सांगू. 'तुम्ही' म्हटल्याने मान कमी होत नाही. आपल्याकडे सासूबाईंना आणि शाळेच्या बाईंनाही आपण 'तुम्ही'च म्हणतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांचा मान. क्वालिटी मॅनेजरबद्दल इंग्रजीत 'शी' आहे. त्याचं सरळ मराठी 'ती येईल' असं होतं. मेल लिहिणाऱ्याने त्यात काही अपमान केलेला नाही, इंग्रजीत तसंच बोलतात. पण मराठीत कामासाठी येणाऱ्या पाहुण्या बाईंना 'ती येईल' म्हटलं तर कानाला टोचतं. 'त्या येतील' हवं. पुरुष असेल तर 'तो येईल' नव्हे, 'ते येतील'.

नावाआधी काय लावायचं, हाही प्रश्न येतो. इंग्रजी 'मिस' किंवा 'मिसेस' बघून मॉडेल 'सौ.', 'कु.' किंवा 'श्रीमती' लावू शकतं. 'सौ.' म्हणजे नवरा हयात असलेली बाई, हे आपल्याला माहीत आहे. सरकारी कागदावर 'श्रीमती' कोणत्याही बाईला लावतात, पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते विधवेसाठीच समजलं जातं. मेलमधून यातलं काहीच कळत नाही आणि मसाल्याच्या ऑर्डरशी त्याचा संबंधही नाही. तेव्हा ही तिन्ही नकोत असं स्पष्ट सांगावं आणि नावापुढे 'ताई' लावायला सांगावं. ते सगळ्यांना चालतं, कुणाला दुखवत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. इंग्रजी व्यवहारात विनंती, अट आणि नकार तिन्ही एकाच गोड सुरात लिहायची पद्धत आहे. 'तुम्ही गुरुवारपर्यंत होकार कळवू शकलात तर आम्हाला आनंद होईल,' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते शब्दाला शब्द मराठीत आलं, तर ऐकणारीला वाटेल, जमलं तर कळवू, नाही जमलं तर त्यांना थोडा कमी आनंद होईल. खरं तर ती मुदत आहे. तसंच 'खेद आहे' हे शब्द ऐकून वाटतं, अजून बोलणी होऊ शकतील. पण दुकानाने वाहतूक खर्चाला नकार दिलेला आहे. 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे काही परत पाठवा असं नाही, 'उत्तर द्या' एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहायचं, की विनंती ही विनंतीसारखी, अट अटीसारखी आणि नकार नकारासारखा दिसू द्या. याची दुसरी बाजूही सांभाळायची. 'बघावे लागू शकतात' याचं 'ऑर्डर रद्द होईल' असं करायचं नाही. दुकान तेवढं कडक बोललेलं नाही.

हे सगळं एकत्र करून आपला प्रॉम्प्ट असा होतो. हा मराठीतच लिहायचा. इंग्रजी मेल त्याच्या खाली चिकटवायचा.

```
खाली एक इंग्रजी ईमेल आहे. त्यावरून मराठी पत्र लिहा.

मेल लिहिणारे: शहरातलं दुकान.
मराठी पत्र पाठवणाऱ्या: ग्रामसंघाच्या सचिव.
वाचणाऱ्या: पाच गटांच्या अध्यक्षा, वयाने मोठ्या.
पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं जाईल.

1. मेलमधल्या "we" ऐवजी "दुकान" लिहा.
   "you" ऐवजी "तुम्ही" किंवा "गटांनी" लिहा.
   "आपण" वापरू नका.
2. कोणाचाही एकेरी उल्लेख नको.
   मॅनेजर बाई आहेत, त्यांना "त्या" म्हणा.
3. सौ., श्रीमती, कु. लावू नका.
4. भाषा साधी, बोलण्यासारखी.
   "सदर", "उपरोक्त", "करण्यात यावे" नको.
5. विनंती, अट आणि नकार वेगळे कळू द्या.
   अट मऊ करू नका, कडकही करू नका.
6. आकडे आणि तारखा आहेत तशाच ठेवा.
   मेलमध्ये नाही ते घालू नका.
   अर्थ नक्की नसेल तिथे (?) अशी खूण करा.
```

चौथ्या सूचनेबद्दल थोडं सांगतो. 'नम्र मराठी लिहा' एवढंच म्हटलं, तर बऱ्याचदा कचेरीतलं मराठी येतं. 'सदर मागणीनुसार पुरवठा करण्यात यावा, ही नम्र विनंती.' यात नम्रता शब्दात आहे, पण ऐकणारीला काम कोणी करायचं तेच कळत नाही, कारण 'करण्यात यावा' म्हटलं की करणाराच नाहीसा होतो. 'गटांनी माल पोचवावा' यात तेवढाच मान आहे आणि काम कुणाचं तेही आहे. म्हणून 'नम्र' या एका शब्दावर न थांबता कोणते शब्द नकोत ते नावानिशी लिहून द्यायचं.

सहाव्या सूचनेतली (?) ची खूणही कामाची आहे. मेलमध्ये नुसतं 'गुरुवारपर्यंत' आहे, तारीख नाही. मॉडेल स्वतःच एखादी तारीख घालू शकतं. खूण करायला सांगितलं, की निदान आपल्याला कळतं, इथे दुकानाला विचारायला हवं. तसंच पाच गट म्हटल्यावर 'प्रत्येक गटाने 60 पाकिटं करावीत' असं वाक्य आपोआप येऊ शकतं. भागाकार बरोबर आहे, पण तसं दुकानाने म्हटलेलं नाही. कोणत्या गटाने किती करायची, ते बैठक ठरवेल.

या प्रॉम्प्टवरून जे पत्र मिळायला हवं ते साधारण असं असेल.

'सर्व अध्यक्षाताईंना नमस्कार. आपल्या गोडा मसाल्याचा नमुना दुकानाला पसंत पडला आहे. त्यांना 200 ग्रॅमची 300 पाकिटं, म्हणजे एकूण 60 किलो मसाला हवा आहे. माल 12 ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या गोदामात पोचला पाहिजे. प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक, बॅच नंबर आणि तयार केल्याची तारीख असली पाहिजे. दुकानाच्या क्वालिटी मॅनेजर 3 ऑक्टोबरला येणार आहेत. गटांनी त्यांना सहकार्य करावं, अशी दुकानाची विनंती आहे. बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत दुकान पैसे देईल. वाहतुकीचा खर्च दुकान देणार नाही, त्याबद्दल त्यांनी खेद कळवला आहे. होकार गुरुवारपर्यंत (?) कळवायचा आहे. तो न कळवल्यास त्यांना दुसरे पुरवठादार बघावे लागू शकतात, असं त्यांनी लिहिलं आहे.'

बघा, यात कुठेही हांजी हांजी नाही. मान आहे तो 'ताईं'मध्ये, 'येणार आहेत' मध्ये आणि 'सहकार्य करावं' मध्ये. आणि अटी सगळ्या जागच्या जागी आहेत. एका जागी मात्र 'आपल्या गोडा मसाल्याचा' असं आलंय. 'आपण' नको म्हटलं होतं, तरी 'आपल्या' आलं. इथे ते चालेल, कारण मसाला खरोखर सगळ्यांचा मिळून आहे. पण मॉडेल प्रत्येक सूचना शेवटपर्यंत पाळतंच असं नाही, हे यावरून लक्षात ठेवा.

म्हणून पत्र पुढे पाठवण्याआधी दोनदा तपासायचं. पहिली तपासणी आकड्यांची. इंग्रजी येत नसलं तरी ही करता येते, कारण आकडे ओळखता येतात. मूळ मेलमधला एकेक आकडा कागदावर उतरवा : 200, 300, 60, 12, 3, 30. मग मराठी पत्रात प्रत्येकावर बरोबरची खूण करा. एखादा राहिला किंवा नवीनच आला, तर काहीतरी चुकलं आहे. तारीख आकड्यात 12/10 अशी असेल तर जास्त जपा. आपण ती 12 ऑक्टोबर वाचतो, पण अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात आणि तीच तारीख 10 डिसेंबर होते.

दुसरी तपासणी मोठ्याने वाचून करायची. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं, हे कोणी करायचं आणि कधी? 'माल 12 ऑक्टोबरपर्यंत पोचला पाहिजे' आणि 'माल 12 ऑक्टोबरला पाठवा' या दोन वाक्यांत एसटी किंवा टेम्पोच्या प्रवासाचा अख्खा दिवस आहे. 'बिल मिळाल्यापासून 30 दिवस' आणि 'माल मिळाल्यापासून 30 दिवस' हेही एक नाही. बिल पाठवायला आपण दहा दिवस लावले, तर पैसेही दहा दिवस उशिरा येतील. हे बैठकीत कळलं तर बिल मालाबरोबरच जाईल. तुमच्यात दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी असेल, तर तिला मूळ इंग्रजी मेल समोर धरून बसवा आणि तुम्ही मराठी वाचा. दोघींचं जुळतं का ते बघा.

चूक सापडली तर सगळं पत्र पुन्हा करून मागू नका. नव्याने करताना आधी बरोबर असलेलं बिघडू शकतं. नेमकं तेवढंच सांगा : 'मॅनेजरच्या वाक्यात "ती येईल" आहे, तिथे "त्या येतील" करा. बाकी काही बदलू नका.' आणि त्यानंतर आकडे पुन्हा एकदा मोजा.

प्रॉम्प्ट दर वेळी नव्याने लिहायची गरज नाही. तो मोबाईलमध्ये जपून ठेवा. पुढच्या मेलला फक्त वरच्या ओळी बदलायच्या : लिहिणारे कोण, पाठवणाऱ्या कोण, वाचणाऱ्या कोण. 'दुकान' आणि 'मॅनेजर' हे शब्दही त्या मेलप्रमाणे बदलून घ्या. बँकेचा मेल स्वतःच्याच गटात वाचायचा असेल तर 'बँक' लिहा. सरपंचांना पुढे द्यायचा असेल तर वाचणारे बदलतील आणि तिथे 'आपण' शोभेल. पण पैशाच्या वाक्यात तेव्हाही 'ग्रामपंचायतीने' असं नाव घालून लिहायला सांगा.

शेवटी दोन सावधगिऱ्या. मेल मॉडेलमध्ये चिकटवण्याआधी त्यातला बँकेचा खातेक्रमांक, कुणाचा आधार क्रमांक किंवा मोबाईल नंबर पुसून टाका. भाषांतराला त्यांची गरज नसते. आणि मेलसोबत करारनामा आला असेल, तर त्याचं मराठी समजून घेण्यापुरतंच वापरा. सही इंग्रजी कागदावर होणार आणि तोच धरला जाणार, म्हणून तो जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

जिथे (?) आहे तिथे दुकानाला फोन करून विचारा, 'गुरुवार म्हणजे कोणती तारीख?' फोनवर ठरलं ते लगेच मेलने लिहून पाठवा, म्हणजे दोन्हीकडे नोंद राहील. मग ती तारीख पत्रात घाला, खूण काढा आणि पत्र पाचही गटांना पाठवा.